मिरगाची वाट पाहणारी चूल
रायगडाचा शेवटचा वेढा, १८१८ : आगीपर्यंतचा घटनाक्रम

१० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याआधी काही दिवस उखळी तोफेच्या गोळ्याने गडावर आग लागली आणि वाडे जळाले. लष्करी इतिहासात या वेढ्याला दोन-तीन परिच्छेद मिळतात. कर्नल प्रॉथरची फौज, समोरच्या डोंगरांवर चढवलेल्या तोफा, गडावरचे अरब शिपाई, दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई आणि हाती लागलेली सुमारे पाच लाखांची रोकड, एवढे त्यात येते. ज्यांनी त्या दिवसांत हजारभर माणसांना जेवू घातले, त्यांचे नाव कुठेच येत नाही.

म्हणून हा वेढा इथे मुदपाकखान्याच्या दारातून मांडला आहे. वेढ्याच्या घडामोडी इतिहासातल्या आहेत. आचारी, कोठावळा, पाणक्या, दळणाच्या बाया आणि शेवटच्या दिवसाचे तास मी त्या काळच्या रीतीभातींवरून उभे केले आहेत.

आगीआधी सहा महिने

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि बारा दिवसांत पुणे गेले. बाजीराव फौजेसह फिरतीवर निघाले. वाराणसीबाई आणि खजिना रायगडावर आला. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला, चहूबाजूंनी तुटलेले कडे असलेला आणि एकाच वाटेने चढता येणारा हा डोंगर त्या वेळी सगळ्यात भरवशाचा वाटणे साहजिक होते.

राजघराण्यातली बाई गडावर आली की एका चुलीच्या अनेक चुली होतात. बाईंचा स्वयंपाक सोवळ्यात, ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचा. अरब आणि पठाण आपापले शिजवून खाणार. मराठा शिपायांना कोरडा शिधा मोजून द्यायचा, मग ते दोघे-चौघे मिळून तीन दगडांवर हंडी चढवणार. भांडी वेगळी, पाणी वेगळे, पण धान्य आणि लाकूड एकाच कोठीतले. त्यामुळे गडावर खरा हिशेब ठेवणारा माणूस कोठावळा.

त्याचा हिशेब आपणही करून पाहू. हजार माणसे धरली आणि माणशी रोजचे अर्धा किलो धान्य धरले, तर दिवसाला पाच क्विंटल लागतात. चाळीस दिवसांना दोनशे क्विंटल. तांदूळ, नाचणी, वरी, जोडीला कुळीथ आणि तूर हे सगळे कोकणातल्या गडावर साठवता येते आणि वर्षभर टिकते. पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी पाच लिटर धरले, तर रोज पाच हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सव्वातीनशेहून जास्त घागरी. गंगासागर आणि कुशावर्त असलेल्या गडाला हे जड नव्हते.

तिसरी गोष्ट लाकूड. उघड्या चुलीवर शिजवताना बहुतेक आच बाहेरच जाते. माणशी किलोभर लाकूड सहज लागते, म्हणजे रोज टनभर. आणि गडमाथ्यावर जंगल नसते. मोळी खालच्या रानातून, डोक्यावरून, हजारावर पायऱ्या चढून येते.

आगीआधी सुमारे आठ आठवडे

मार्चमध्ये कोरीगडाची बातमी आली. प्रॉथरने तिथे तोफा लावल्या होत्या. किल्ला झुंजत होता, पण एक गोळा नेमका दारूकोठारावर पडला, भडका उडाला आणि १४ मार्चला किल्ला गेला. पाठोपाठ तळा, घोसाळा, मानगड अशी खालची नावे एकेक करून कमी होत गेली.

रायगडावर या बातमीचा एक अर्थ लावला गेला असणार : दारूकोठार जपा. पहारे तिथे वाढले असतील, विस्तव तिथून लांब ठेवला असेल. स्वयंपाकघराकडे त्या नजरेने कुणी पाहिले नसावे. तिथे तर तो महिना बेगमीचा.

कोकणात बेगमी म्हणजे मिरगाआधीची धावपळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो आणि मग चार महिने सुके काही मिळत नाही. त्यामुळे मार्च ते मेमध्ये लाकूड फोडून रचायचे, गोवऱ्या थापून वाळवायच्या, छपरावर नवे गवत चढवायचे, पावसाच्या झडीला आडोसा म्हणून झापे बांधायची. तेल, तूप, मीठ, सुकट, आमसुले कोठीत घ्यायची. वेढा येवो न येवो, हे काम करावेच लागते. वेढ्याच्या भीतीने ते दुप्पट झाले असेल इतकेच.

दळणाची म्हातारी लाकडाच्या रचलेल्या भिंतीकडे पाहून कोठावळ्याला म्हणाली असेल, "बाबा, यंदा आखाडातसुद्धा चूल फुंकावी लागणार नाही." लाकूड खरोखरच चांगले वाळले होते.

आगीआधी सुमारे दोन आठवडे

एप्रिलच्या अखेरीस प्रॉथरची फौज पायथ्याशी आली. खालची पेठ त्यांनी घेतली आणि वाट बंद झाली.

स्वयंपाकघराला वेढा कळतो तो दुधावरून. रायगडवाडीकडून पहाटे येणाऱ्या गवळणी त्या दिवशी आल्या नाहीत. दोन दिवसांत ताक संपले, चार दिवसांत भाजी. हिरवी मिरची, कोथिंबीर, कच्चे आंबे, ताजी मासळी असे जे जे रोज पायथ्यावरून चढत असे, ते ते एकेक करून ताटातून गेले. महाड बंदरातून येणारे मीठ आणि सुकी मासळी आता होती तेवढीच. कोठावळ्याने मिठाच्या रांजणाला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावली.

तरी धान्य होते, पाणी होते, लाकूड होते. गडाचे गणितही सरळ होते. आणखी सहा आठवडे काढायचे, म्हणजे मृग लागणार. मग खाली गांधारी आणि काळ या नद्या फुगणार, वाटा चिखलात जाणार, दारू ओली होणार, तोफा ओढणाऱ्या बैलांना पाय ठेवायला जमीन उरणार नाही. कोकणातला पावसाळा वेढा घालणाऱ्याच्या बाजूने कधीच नसतो. किल्लेदाराने तलवारीच्या भाषेत जे ठरवले, तेच कोठावळ्याने मापाच्या भाषेत ठरवले : मिरगापर्यंत पुरवायचे.

आगीआधी सुमारे एक आठवडा

समोरच्या डोंगरांवर उखळी तोफा चढल्या. मेच्या आरंभी इंग्रजांना आणखी कुमक मिळाली आणि मारा वाढला.

रायगडाचे सगळे संरक्षण कड्यात आहे. शिडी लावणाऱ्याला, दोर टाकणाऱ्याला, तटावर सरळ गोळा मारणाऱ्याला कडा अडवतो. उखळी तोफ कड्याशी भांडतच नाही. उखळासारखी आखूड आणि रुंद तोंडाची ही तोफ आकाशाकडे तोंड करून बसवतात. गोळा वर चढतो आणि तटावरून, कड्यावरून येऊन थेट डोक्यावर उतरतो. तो पोकळ असतो, आत दारू भरलेली आणि भोकात लाकडी नळीतली वात. तोफ उडताना वात पेटते. ती किती लांब ठेवायची यावर गोळा हवेत फुटेल, छपरावर फुटेल की जमिनीवर पडून मग फुटेल हे ठरते.

वात लांब राहिली तर गोळा जमिनीवर पडून काही क्षण फुसफुसत राहतो. तेवढ्यात ओले घोंगडे किंवा भिजवलेले चामडे टाकून तो विझवता येतो. पण हे उघड्या अंगणात. छपरातून घुसून माळ्यावरच्या गवतात अडकलेल्या गोळ्याकडे जायला वेळ नसतो आणि वाटही नसते.

स्वयंपाकघराने या माऱ्याला एक उत्तर शोधले. दिवसा धूर वर गेला की माणसे कुठे आहेत ते समोरच्या डोंगरावरून दिसते. म्हणून चुली दिवसातून एकदाच पेटवायच्या, तेही पहाटे, तांबडे फुटायच्या आत. तेव्हाच भात, तेव्हाच भाकरी, तेव्हाच कुळथाचे पिठले. दिवसभर तेच थंड खायचे. नाचणीची भाकरी संध्याकाळपर्यंत कडक होते, ती आमसुलाच्या पाण्यात भिजवून खायची. पोरे कुरकुरली तर आयांनी डोळे वटारायचे.

आगीआधी २४ तास

पहाटेचा स्वयंपाक आटोपला. विस्तव विझवला नाही, कारण गारगोटी झाडून पुन्हा पेटवण्यात वेळ जातो आणि सुका कापूस जपून वापरायचा होता. निखारे राखेखाली झाकले. ही रोजची रीत. त्या काळी मराठी घरात विस्तव विझू देत नसत.

कोठावळ्याने माप टाकले. आज माणशी पळीभर कमी. शिपायांच्या रांगेत कुरबुर झाली. एक अरब जमादार पुढे आला आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "कोठीवाले, तटावर रात्र आम्ही काढतो."

"आणि मिरगापर्यंत तुम्हालाच जेवायचंय, जमादारसाहेब," कोठावळा म्हणाला. "आज पोटभर दिलं तर त्या दिवशी काय देऊ?"

जमादाराने काही न बोलता शिधा पदरात घेतला.

आगीआधी २२ तास

उन्हे चढली. मेमधल्या रायगडावर दुपारी दगड हाताला चटके देतो. पाणक्याचा पोरगा तळ्यावरून तिसरी कावड घेऊन आला. तळ्याचे पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेले होते. पाणी होते, पण ते आणायला आता जास्त उतरावे आणि जास्त चढावे लागत होते. ज्या खेपेला फाल्गुनात पाव घटका लागे, तिला आता अर्धी लागत होती.

ही गोष्ट त्या दुपारी फक्त पाणक्याला माहीत होती. पिण्याच्या पाण्याला उशीर झाला तर माणूस थांबतो. आग थांबत नाही.

दोन गोळे बाजारपेठेच्या बाजूला पडले. एक फुटला, एक घोंगड्याखाली विझला. विझवणाऱ्या पोराला आचाऱ्याने गुळाचा खडा दिला.

आगीआधी १२ तास

रात्र. बाईंच्या वाड्यात दिवे मंद केले. या वेढ्यात इंग्रजांनी वाराणसीबाईंना सुखरूप जाऊ देण्याची तयारी दाखवली होती, पण बाई गडावरच राहिल्या. असा निरोप आला की स्वयंपाकघराला तो सगळ्यांत आधी समजतो. उद्या किती पाने वाढायची हे विचारायला आचाऱ्याला वाड्यातच जावे लागते. उत्तर आले : नेहमीइतकीच.

त्या उत्तराने दळणाच्या बायांना धीर आला की धसका बसला, हे सांगणे अवघड आहे. बाई गेल्या असत्या तर खाजगीची माणसेही गेली असती. बाई राहिल्या, म्हणजे सगळेच राहिले. जाते पुन्हा फिरू लागले. अंधारात दळायला दिवा लागत नाही. हाताला पीठ लागते, त्यावरून जाडसर की बारीक ते कळते.

आगीआधी ६ तास

पहाट. चुली पेटल्या. वैलावर तूर, पुढे भात. कोठीतले तुपाचे शेवटचे मोठे बुधले आचाऱ्याने पुढे ओढून घेतले, कारण मागच्या खोलीच्या छपराला आदल्या दिवशी तडा गेला होता आणि तिथला माल हलवायचा होता. तेलाचे बुधलेही तिथूनच पुढे आले. धान्याची पोती भिंतीशी, लाकडाची रास पोत्यांशी, बुधले राशीशी. सगळे एका छपराखाली, हाताशी, सोयीचे.

घरातल्या बेगमीची सगळ्यांत शहाणी मांडणी ती हीच. उखळी तोफेच्या माऱ्याखाली तीच सगळ्यांत धोक्याची. गडावर कुणी चुकले नव्हते. प्रत्येकाने पिढ्यान्‌पिढ्या जे बरोबर ठरले होते तेच केले होते.

आगीआधी १ तास

वारा सुटला. मेमध्ये ऊन तापू लागले की समुद्राकडून वारा चढतो आणि रायगडासारख्या सुट्या डोंगरावर त्याला आडोसा नसतो. तटावरच्या शिपायाला तो बरा वाटतो. दळणाच्या म्हातारीने मात्र उठून चुलीतल्या राखेवर आणखी दोन मुठी राख टाकली. तिला भीती होती ती आपल्या चुलीतल्या ठिणगीची. घर जळते ते चुलीमुळे, हे तिने आयुष्यभर पाहिले होते.

आग

गोळा वरून आला. छप्पर फोडून आत गेला आणि तिथेच फुटला.

पहिल्या काही क्षणांत आग लहान असते. त्या क्षणांत छप्पर ओढून पाडले आणि जळते गवत वेगळे केले तर बाकीचे वाचते. पण छप्पर पाडायला माणूस वर चढावा लागतो आणि वर चढलेला माणूस समोरच्या तोफखान्याला दिसतो. शिपाई तटावर होते. स्वयंपाकघरात होत्या त्या बाया, म्हातारे आणि पोरे.

घागरींची रांग लागली. तळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत हातोहात. पण जी खेप अर्ध्या घटकेची झाली होती ती अर्ध्या घटकेचीच राहिली. गवतावरून वाशांवर, वाशांवरून लाकडाच्या राशीवर आणि राशीवरून बुधल्यांवर आग गेली, तेव्हा पाण्याचा प्रश्नच उरला नाही. तुपाने पेट घेतला की पाणी टाकणारा माणूसच भाजतो. आचाऱ्याने ओरडून सगळ्यांना मागे ओढले.

मग वाऱ्याने काम केले. जळते गवत उचलून त्याने पुढच्या छपरावर टाकले. रायगडावरचे वाडे दगडी जोत्यांवर उभे होते, पण जोत्यावरचे सारे लाकूड होते : खांब, तुळया, वासे, माळे. एकाची ठिणगी दुसऱ्याला पुरेशी होती. कोरीगडावर दारूकोठाराने किल्ला घालवला, म्हणून रायगडाने दारूकोठार जपले. इथे घराने घराला पेटवले.

आगीनंतर

पोती जळली की धान्य एकदम जळत नाही. बाहेरचा थर कोळसा होतो, आतला करपतो, मधला धुराचा वास घेऊन उरतो. बायांनी राखेतून तो मधला तांदूळ उपसला असेल, पाखडला असेल, चार पाण्यांनी धुतला असेल. तरी तो शिजवायला सुके लाकूड हवे आणि लाकूड तर सगळ्यांत आधी गेले होते. अर्धवट जळलेल्या तुळयांचे तुकडे तोडून चुली लागल्या. आता धुराला भिण्याचे कारण उरले नव्हते. सगळा गडच धुमसत होता.

सावली ही दुसरी गरज. मेच्या उन्हात छपराशिवाय हजार माणसे, त्यांत जखमी आणि भाजलेले, आणि उघड्यावर बसलेला पेशव्यांचा खाजगीचा परिवार. अशा स्थितीत गडावरच्या अरबांचा म्होरक्या शेख अबूद वाटाघाटींना तयार झाला आणि १० मे रोजी गड खाली झाला. वाराणसीबाईंना इंग्रजांनी इतमामाने पुण्याकडे रवाना केले. ३ जूनला बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. त्याच आठवड्यात कोकणात मृग लागतो.

चार आठवडे. मिरगाच्या हिशेबाने गडाला इतकेच काढायचे उरले होते आणि कोठीत त्याहून जास्त दिवसांचे धान्य असणे शक्य होते. बाजीराव शरण गेल्यावर गड पुढे किती टिकला असता हा वेगळा प्रश्न आहे. पण १० मे रोजी रायगड भुकेने पडला नाही, तहानेने पडला नाही, आणि त्याचे कडेही कुणी चढून आले नाही. पावसाळ्यासाठी वाळवलेले लाकूड, नव्याने शाकारलेली छपरे आणि एकत्र रचलेली कोठी या बेगमीनेच वरून आलेल्या एका गोळ्याला हवे ते सगळे पुरवले.

वेढ्यांचा इतिहास लिहिताना आपण तोफा मोजतो, शिपाई मोजतो, धान्याच्या खंडी मोजतो. मेमधल्या वेढ्यात मोजायला हव्यात त्या आणखी दोन गोष्टी : डोक्यावरचे छप्पर किती वाळले आहे आणि तळ्यापासून चुलीपर्यंत घागर यायला किती वेळ लागतो. रायगडावर आज बाजारपेठेची आणि वाड्यांची जोती दिसतात, वरचे काही दिसत नाही. ते का दिसत नाही, याचे उत्तर मुदपाकखान्यातल्या माणसांना सगळ्यांत आधी कळले होते. पाणक्याला तर आदल्या दुपारीच.